असॅसिन्स क्रीड नेमकं कुठल्या भागापासून सुरू करावं?

कापूसकोंड्या
नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्णी तालुक्यात. नागपूरच्या मामेभावानं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला आहे. आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, डिस्कवर साठेक जीबी जागा मोकळी. रोजचा दीड जीबीचा डेटा आणि तोही संध्याकाळी रडतच चालतो. मी आणि लहान भाऊ (तो नववीत) आळीपाळीनं खेळणार.

आम्हाला असॅसिन्स क्रीड खेळायचं आहे, पण भाग एवढे निघालेत की डोकं गरगरायला लागलं. मित्रानं एक यादी पाठवली, त्यात कथेतल्या काळाप्रमाणे क्रम लावला आहे. सगळ्यात आधी ओडिसी, कारण ते इसवी सन पूर्व 431 मधलं. मग ओरिजिन्स, मिराज, वल्हाला आणि त्यानंतर कुठं पहिला भाग, जो 1191 मधला. इतिहासाच्या क्रमानं गेलं तर गोष्ट नीट लागेल, असं त्याचं म्हणणं. भावाला जहाजं पाहिजेत, म्हणून तो ब्लॅक फ्लॅगवर अडून बसला आहे. इंग्रजी वाचता येतं, ऐकून मात्र निम्मंच कळतं. काय करावं?

बिनधास्त_पोट्टा
अरे भाऊ, एवढा इचार काऊन करून रायला? दर भागात हिरो नवा, देश नवा, साल नवं. कोठूनही चालू कर. मी सिंडिकेटपासून चालू केलं, काई अडलं नाही.

वणीकर_७
बिनधास्त भाऊ, सिंडिकेटचं ठीक आहे, ते बऱ्यापैकी सुटं आहे. पण सगळ्याच भागांना तो नियम लावू नका. माझंच सांगतो. आमच्याकडच्या गेमिंगच्या दुकानात फक्त ब्रदरहूड होतं, म्हणून मी तिथूनच सुरू केलं. हा इझिओ व्हॅटिकनच्या तळघरातून कसल्याशा धक्क्यात बाहेर पडतो, काका सोबत आहे, हातात एक सोन्याचा गोळा. पुढं त्याच्या वाड्यावर हल्ला होतो आणि आपण रडावं अशी अपेक्षा. मला तर काकाचं नावही माहीत नव्हतं. सुरुवातीला मागचं थोडक्यात सांगतात, पण ते कुणाच्या तेरवीला जाऊन मयत कोण होतं ते विचारावं, तसं वाटतं.

नंतर दुसरा भाग खेळलो तेव्हा कळलं की इझिओच्या वडलांच्या आणि भावांच्या मृत्यूनंतर त्याची आई बोलायचीच बंद झाली होती. ब्रदरहूडमध्ये ती साधं बोलते, त्याला केवढा अर्थ आहे! मी ते असंच पुढं ढकललं होतं.

धामनदी
कापूसकोंड्या, तुझ्या मित्राची यादी बाजूला ठेव. इतिहासाचं साल आणि गोष्टीचा क्रम या मालिकेत वेगळे आहेत.

या गेममध्ये गोष्टी दोन चालतात. एक जुन्या काळातली, तलवारी-छपरांची. दुसरी आजच्या काळातली. आजचा माणूस ॲनिमस नावाच्या यंत्रात पडून आपल्या पूर्वजाच्या आठवणी जगतो आणि आपण खेळतो त्या त्याच आठवणी. जुनी गोष्ट दर भागात कुठंही उडी मारते, कधी रोम, कधी बोस्टन, कधी इजिप्त. आजची गोष्ट मात्र भाग ज्या क्रमानं बाजारात आले त्याच क्रमानं पुढं सरकते. 2007 च्या पहिल्या भागापासून 2012 च्या तिसऱ्यापर्यंत ती डेस्मंड नावाच्या मुलाची आहे. 2017 च्या ओरिजिन्सपासून 2020 च्या वल्हालापर्यंत लैला नावाच्या बाईची. मधल्या ब्लॅक फ्लॅग ते सिंडिकेटमध्ये आजच्या काळात नाव असलेला नायकच नाही, तुम्ही स्वतः एक निनावी कर्मचारी किंवा निरोप येणारा कुणीतरी.

आता ओडिसी आधी खेळलास तर काय होईल बघ. ग्रीसची गोष्ट समजेल, त्यात अडचण नाही. पण लैलाला सुरुवातीलाच एक तुटका भाला मिळालेला असतो, आणि ती ज्या कंपनीत नोकरीला होती तिथून का फुटली हे कुणी सांगत नाही. ते ओरिजिन्समध्ये होऊन गेलेलं आहे. ग्रीस इजिप्तच्या आधीचं, पण लैलाचं ग्रीस तिच्या इजिप्तच्या नंतरचं.

निवृत्त_गुरुजी
आमच्या घरी रात्री साडेआठची मालिका चालते. ती मधले दोनशे भाग सोडून पाहिली तरी समजते. सूनबाईचं कारस्थान तेच, फक्त साडी बदलते. एवढा क्रम कशाला लावता बाळांनो?

वणीकर_७
गुरुजी, ही टीव्हीची मालिका नव्हे, गेमची आहे 🙂 पण तुमचा मुद्दा सिंडिकेटला लागू पडतो.

झाडीपट्टी
माझं मत सरळ आहे. पहिल्या भागापासून सुरू करा. मालिका ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं खेळा, यादीबिदी काही नको. पहिल्याचा नायक अल्ताईर, त्याला ओळखल्याशिवाय बाकीच्यांना काय अर्थ? दुसरा भाग पहिला जिथं थांबतो त्याच खोलीत सुरू होतो. भिंतीवर रक्तानं काहीतरी लिहिलेलं, डेस्मंड बघतोय, आणि लूसी येऊन म्हणते चल. ती कोण, ते लिहिलं कुणी, हे पहिल्यातच आहे.

कापूसकोंड्या
झाडीपट्टी दादा, मग पहिलाच घेऊ का? लॅपटॉपवर चालेल ना?

धामनदी
चालायला चालेल. पण तू लिहिलंस की ऐकून निम्मंच कळतं, म्हणून सांगते. पहिल्या भागात सबटायटल्सच नाहीत. दुसऱ्यापासून पुढं आहेत. पहिल्यात लोक तासन्तास उभं राहून बोलतात, मारलेला शत्रूसुद्धा मरता मरता लांबलचक भाषण देतो, आणि गोष्टीचा सगळा पेच त्या भाषणांतच आहे. कोण कुणाला फसवत होतं ते तिथंच उलगडतं. ते ऐकून नाही कळलं तर पहिला भाग खेळूनही तू न खेळल्यासारखाच.

शिवाय तो फिरून फिरून तेच करायला लावतो. नऊ जणांना मारायचं, आणि प्रत्येकाआधी शहरात जाऊन कुणाचं बोलणं चोरून ऐक, कुणाचा खिसा काप, कुणाला ठोकून माहिती काढ. तिसऱ्या-चौथ्या माणसाला नववीतलं पोरगं लॅपटॉप बंद करून क्रिकेटला जाईल.

झाडीपट्टी
म्हणजे सोडून द्यायचा? ताई, रेव्हलेशन्समध्ये अल्ताईर परत येतो. त्याची तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची पानं तिथं उघडतात. मलिक, अब्बास, म्हातारा गुरू, सगळे. पहिला न खेळलेल्या माणसाला तिथं कुणीतरी दाढीवाला दुसऱ्या दाढीवाल्याशी भांडतोय एवढंच दिसतं.

धामनदी
हे मला मान्य आहे. पहिला भाग सोडल्याची किंमत दुसऱ्या भागात फारशी पडत नाही, रेव्हलेशन्समध्ये पडते. म्हणून मी पूर्ण सोड म्हणत नाही. मी माझ्या भाच्याला जे करायला लावलं ते सांगते.

पहिल्याचे सुरुवातीचे दोन-तीन तास खेळायचे. अल्ताईर देवळाच्या तळघरात माज करतो, त्या माजापायी मलिकचा हात आणि त्याचा भाऊ जातो, मग किल्ल्यावर हल्ला होतो, आणि गुरू अल्ताईरला सगळ्यात खालच्या पायरीवर आणून ठेवतो. एवढं हातानं खेळलं की अल्ताईर आणि मलिक कायमचे लक्षात राहतात. इथं संवाद नाही कळले तरी डोळ्यांनी कळतं. पुढचं सगळं, म्हणजे नऊ खून आणि शेवट, एखाद्या सारांशाच्या व्हिडिओत बघायचं. शेवट मात्र नक्की बघायचा, आणि त्यातही आजच्या काळातला शेवट, भिंतीचा. मग लगेच दुसरा भाग सुरू.

बिनधास्त_पोट्टा
ताई, मंग मी म्हटलं ते चूक काय? ब्लॅक फ्लॅगमधी तर हिरो सुटाच हाय. चाचेगिरी कर, जहाज फोड, मजा कर. पोट्ट्याले तेच पायजे ना.

धामनदी
बिनधास्त, तू अर्धा बरोबर आहेस. ब्लॅक फ्लॅग सुरुवातीला धरलास तर एडवर्डची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत समजते, मागचं काही माहीत नसलं तरी. मीही बऱ्याच जणांना तिथून सुरू करायला सांगते. पण समजणं एक आणि फुटणं एक. डेस्मंडचं तिसऱ्या भागात शेवटी काय होतं, ते ब्लॅक फ्लॅगमध्ये आजच्या काळातल्या कचेरीत उघड बोललं जातं. त्या कचेरीचं कामच त्यावर चाललेलं आहे. म्हणजे ब्लॅक फ्लॅग समजेल, पण नंतर मागं जाऊन इझिओचे तीन, म्हणजे दुसरा, ब्रदरहूड आणि रेव्हलेशन्स, आणि मग तिसरा भाग खेळायला घेतलास, तर चारही खेळांचा शेवट खिशात घेऊनच बसशील.

ज्याला मागं जायचंच नाही त्यानं खुशाल ब्लॅक फ्लॅग घ्यावं. ज्याला सगळं खेळायचं आहे त्यानं नाही.

ऑरेंज_सिटी
तसं तर ब्लॅक फ्लॅग आधी खेळलं की तिसऱ्याच्या सुरुवातीचा हेदम

*(संपादित: पुढचा मजकूर काढून टाकला. धागा कशाबद्दल आहे ते बघा भाऊ, माणसानं अजून एकही भाग खेळलेला नाही.)*

ऑरेंज_सिटी
सॉरी सॉरी. नाव न घेता सांगतो. तिसऱ्या भागात पहिले काही तास एक मोठा चकवा आहे. 2014 चा रोग नावाचा भाग त्याआधी खेळला तर चकवा पूर्ण वाया. रोग सालाच्या हिशेबानं तिसऱ्याच्या मधल्या काळात घडतं, म्हणून तुमच्या मित्राच्या यादीत ते तिसऱ्याच्या अलीकडंपलीकडं कुठंतरी घुसवलेलं असेल. ते तिसऱ्यानंतरच. आणि युनिटीच्या आधी, कारण रोगचं शेवटचं दृश्य आणि युनिटीचं सुरुवातीचं एकमेकांत अडकवलेलं आहे.

झाडीपट्टी
इथं तरी मान्य करा की निघालेला क्रमच बरा.

धामनदी
बहुतेक ठिकाणी हो. नंतर काढलेला आणि आधीच्या काळात घडणारा भाग हा आधीचं माहीत असलेल्या माणसासाठीच लिहिलेला असतो. एक उदाहरण देते, गोष्ट न फोडता. अल्ताईरच्या डाव्या हाताचं एक बोट नाही. मनगटातलं पातं बाहेर यायला जागा हवी म्हणून ते कापलेलं. दुसऱ्या भागात लिओनार्दो इझिओला ते पातं दुरुस्त करून देतो आणि बोट कापायचं म्हणून त्याची फिरकी घेतो. मग कितीतरी वर्षांनी निघालेल्या ओरिजिन्समध्ये बोटाची ती पद्धत आली कुठून ते दाखवलं आहे. आधी ओरिजिन्स खेळणाऱ्याला तिथं एक अपघात दिसतो. क्रमानं आलेला माणूस खुर्चीतून उठतो. पुन्हा ओरिजिन्स आधी खेळलेल्याला लिओनार्दोची चेष्टा चेष्टा वाटत नाही, कारण उत्तर माहीत असतं.

मिराजचंही तसंच. ते 861 मधलं बगदाद, वल्हालाच्या दहाएक वर्षं आधीचं. लहान आहे, सुटसुटीत आहे, म्हणून लोक पहिल्यांदा तेच हातात देतात. नव्वद टक्के समजतंही. पण त्यातला नायक वल्हालात आधी येऊन गेलेला आहे, आणि मिराजचा शेवट वल्हाला ज्यानं संपवलंय त्याच्याशीच बोलतो. बाकीच्याला शेवटी वाटतं, हे काय झालं मधेच?

रानमेवा_साकोली
मधे येतो, माफ करा. माझ्याकडं पीएस फोर आहे, लॅपटॉप नाही. मला पण इझिओपासूनच करायचं. कुठली डिस्क घेऊ?

वणीकर_७
इझिओ कलेक्शन म्हणून 2016 मध्ये निघालं. दुसरा, ब्रदरहूड आणि रेव्हलेशन्स, तिन्ही एकात. जुनी डिस्क मिळाली तर बघा. त्यात दुसऱ्या भागाची दोन मधली प्रकरणंही आहेत, फोर्लीचं आणि फ्लॉरेन्सच्या होळीचं. जुन्या कन्सोलवर ती सुरुवातीला वेगळी विकली होती, त्यामुळं अकराव्या प्रकरणानंतर गोष्ट एकदम काही वर्षं पुढं उडी मारायची. ब्रदरहूडमध्ये कॅतेरीना येते तेव्हा ही कोण म्हणून जे विचारतात ते बहुतेक तेच लोक. फोर्ली तिचंच. पीसीवर ती प्रकरणं आधीपासून आहेत, कापूसकोंड्याला चिंता नाही.

कापूसकोंड्या
ताई, वणीकर भाऊ, बरंच लक्षात आलं. पण लॅपटॉपचं सांगा. आणि भावाला जहाजाचं काय सांगू?

धामनदी
दुसरा भाग पीसीला आठ जीबी जागा आणि दोन जीबी रॅम मागतो. ब्रदरहूडही आठ जीबी, रेव्हलेशन्स बारा. म्हणजे इझिओची पूर्ण गोष्ट, पस्तीसेक वर्षांचं एका माणसाचं आयुष्य, अठ्ठावीस जीबीत. एकटं ब्लॅक फ्लॅग तीस जीबी मागतं, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर समुद्रात वादळ आलं की चित्र अडखळत चालेल. ओरिजिन्स बेचाळीस जीबी आणि किमान चांगलं कार्ड, तो विषय सध्या सोडच.

रोजचा दीड जीबी धरला तर दुसरा भाग सहा दिवसांत उतरेल, तेही बाकी काही न बघता. मामेभाऊ नागपुरात आहे ना? त्याच्या वायफायवर, त्याच्याच लॅपटॉपवर तुझ्या खात्यातून उतरवून घे आणि पोळ्याला येताना पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर आणायला सांग. तुझ्याकडं युबिसॉफ्ट कनेक्ट या ॲपमध्ये फोल्डरची जागा दाखवली की ते फायली तपासतं, पुन्हा सगळं उतरवत नाही. पहिल्यांदा सुरू करताना मात्र इंटरनेट लागेलच, तेवढं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत लॅपटॉप आपटशील. दुसऱ्या भागात पीसीवर बटणांची नावं येतच नाहीत. स्क्रीनवर हात, पाय, डोकं अशी चित्रं येतात. पाय म्हणजे स्पेस, डोकं म्हणजे ई, शस्त्राचा हात म्हणजे माउसचं डावं बटण, रिकामा हात म्हणजे शिफ्ट. उजवं बटण दाबून धरलं की पळणं-चढणं. कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटव.

बिनधास्त_पोट्टा
हे बरोबर हाय. मी ते चित्र पाहून गेमच बिघडला समजलो होतो 😂

झाडीपट्टी
मी अजूनही म्हणतो, पहिला पूर्ण खेळा. सबटायटल्स नसली तर नसली. दमिश्कच्या छपरावरून पहिल्यांदा उडी मारायची मजा व्हिडिओत नाही. बोलणं नंतर कुठंतरी वाचता येतं.

धामनदी
तुमचं प्रेम कळतं झाडीपट्टी दादा. पण त्यांचा प्रश्न मजेचा नव्हता, गोष्ट लागण्याचा होता. आणि छपरावरून उडी सुरुवातीच्या तीन तासांतही येते.

झाडीपट्टी
किल्ल्यावरची येते. दमिश्कची नाही.

वणीकर_७
भावाला सांग, जहाज तिसऱ्या भागात आहे, आणि ते तुमच्या क्रमात पाचवं येतं. इझिओचे तीन झाले की तिसरा. तोवर लॅपटॉप बदलला असेल, किंवा भाऊ.

कापूसकोंड्या
मामेभावाला फोन केला, तो पहिला आणि दुसरा दोन्ही आणणार आहे. पहिल्याचे सुरुवातीचे तास, मग व्हिडिओ, मग दुसरा, असं ठरवलं. भाऊ म्हणतो पहिला कंटाळवाणा निघाला तर तो थेट दुसऱ्यावर जाणार. एकच शंका. व्हिडिओ इंग्रजीतलाच बघायचा का? मराठी-हिंदीत पहिल्या भागाचा शेवट कुणी नीट सांगितला आहे?

ऑरेंज_सिटी
हिंदीत बरेच आहेत. पण नाव बघून घ्या. ‘पूर्ण मालिकेची कथा’ असं लिहिलेला अजिबात उघडू नका, तो वल्हालापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. फक्त पहिल्या भागाचा शोधा, आणि खालच्या प्रतिक्रिया वाचू नका.

धामनदी
हो, आणि व्हिडिओत अल्ताईरचं किल्ल्यातलं शेवटचं भांडण संपल्यावर बरेच जण थांबतात. ते संपलं की पुढं डेस्मंडची खोली दाखवली आहे का ते आधी तपास. ती नसेल तर दुसरा व्हिडिओ शोध.